एका खोलीत बल्ब लखलख, दुसऱ्या खोलीत मिणमिण. दोष बहुधा ढिल्या न्यूट्रलचा

मागच्या खोलीत इस्त्री लावली की पुढच्या खोलीतला बल्ब एकदम लख्ख होतो, इस्त्री काढली की परत कमी होतो. कधी पंखा घरघरत जोरात फिरतो आणि त्याच वेळी स्वयंपाकघरातला बल्ब नुसता लाल दिसतो. असं झालं की घरचे म्हणतात, "व्होल्टेज कमीजास्त होतंय." पण साधं व्होल्टेज कमी झालं तर सगळंच घर मंद व्हायला पाहिजे. एक खोली वर आणि दुसरी खाली जात असेल तर न्यूट्रल ढिला झालाय किंवा तुटलाय, असं समजावं.

हा प्रकार घरात थ्री फेज कनेक्शन असेल तिथे होतो. वस्तीवरची मोठी घरं, पिठाची गिरणी असलेली घरं, घर आणि गोठा एकाच मीटरवर असलेली घरं, अशा ठिकाणी वायरमन एका फेजवर पुढच्या खोल्या, दुसऱ्यावर मागच्या आणि तिसऱ्यावर गिरणी किंवा मोटार वाटून देतो. न्यूट्रल मात्र सगळ्यांना एकच. फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 व्होल्ट असतात, पण दोन फेजच्या मध्ये 400 च्या आसपास. न्यूट्रल धड असतो तोवर प्रत्येक खोलीला आपापले 230 मिळतात. न्यूट्रल सुटला की करंटला परत जायची वाट राहत नाही. मग तो पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत आणि तिथून दुसऱ्या फेजला जातो. म्हणजे दोन्ही खोल्या 400 व्होल्टवर एकामागे एक जोडल्यासारख्या होतात.

समजा पुढे 100 वॅटचा एक जुना तारेचा बल्ब चालू आहे, मागे तसेच तीन चालू आहेत आणि गिरणी बंद आहे. तर 400 व्होल्टची वाटणी उलटी होते. जिथे लोड कमी तिथे व्होल्ट जास्त. पुढच्या एकट्या बल्बला सुमारे 300 व्होल्ट आणि मागच्या तिघांना सुमारे 100. मागे आणखी इस्त्री लावली तर पुढचा आकडा अजून चढतो. पुढे त्या वेळी बल्बऐवजी टीव्ही किंवा मोबाईलचा चार्जर असेल तर तो जळतो. फ्रिज कमी व्होल्टच्या बाजूला सापडला तर कॉम्प्रेसर उचलत नाही, नुसता गुणगुणतो आणि तापतो. दोन्हीकडून नुकसानच.

एलईडी बल्बवर भरवसा ठेवू नये. त्यातलं सर्किट बऱ्याच फरकापर्यंत उजेड सारखाच ठेवतं आणि व्होल्ट फार चढले की एकदम बंद पडतं. महिन्यात दोन-तीन बल्ब एकाच खोलीतले गेले, तर दुकानदाराशी भांडायच्या आधी पंख्याचा वेग आणि फ्रिजचा आवाज बघावा.

सिंगल फेज घरात मात्र गोष्ट वेगळी. तिथे घरातला न्यूट्रल ढिला असेल तर बल्ब मंद होतो, फडफडतो किंवा विझतो, पण कधीच जास्त लख्ख होत नाही. सिंगल फेजच्या घरात बल्ब डोळे दिपवायला लागला, तर बिघाड खांबावरच्या किंवा डीपीच्या न्यूट्रलमध्ये असतो. मग शेजारच्या काही घरांत पण उजेड वाढलेला आणि काहींत उतरलेला असतो.

दिसताक्षणी पहिलं काम म्हणजे घराचा मेन स्विच बंद करणं. एकेक बल्ब, पंखा बंद करत बसू नये, कारण जो शेवटी चालू राहील त्याच्यावर लोड कमी आणि म्हणून व्होल्ट जास्त. मग शेजारी विचारावं. त्यांच्याकडेही तसंच असेल तर महावितरणच्या 1912 नंबरवर कळवावं किंवा गावच्या जनमित्राला फोन करावा. खांबावर कुणी चढू नये.

शेजारी सगळं ठीक आणि आपल्याच घरात गडबड असेल तर परवानाधारक वायरमनला बोलवावं. त्याने टेस्टरवर नाही, मीटरवर काम करावं. टेस्टर फेजवर पेटतो, आणि न्यूट्रल सुटलेला असेल तर न्यूट्रलवर पण पेटतो, एवढंच कळतं. मल्टिमीटरने मेन स्विचच्या येणाऱ्या बाजूला प्रत्येक फेज ते न्यूट्रल असं मोजावं. मोजताना लोड हवा, नाहीतर ढिला जोड पण बरोबर आकडा दाखवतो. त्यासाठी जुने तारेचे बल्ब लावावेत, टीव्ही-फ्रिजचे प्लग काढून ठेवावेत. फेज ते फेज आकडा दोषातही 400 च्या आसपासच येतो, त्यावरून फसू नये.

येणाऱ्या बाजूलाच तीन आकडे वेगवेगळे आले, तर दोष मीटर, सर्व्हिस वायर किंवा खांबाच्या जोडाकडे. मीटरला सील असतं, ते काम जनमित्राचं. येणाऱ्या बाजूला तिन्ही सारखे आणि जाणाऱ्या बाजूला वेडेवाकडे असतील, तर दोष मेन स्विचमधल्या न्यूट्रलच्या पट्टीवर किंवा तिथून पुढच्या बोर्डात.

जुन्या घरांत बहुतेक वेळा सापडतं ते असं: ॲल्युमिनियमची तार पितळी स्क्रूखाली दाबलेली, आटे सैल, बाजूचं प्लॅस्टिक तांबूस-काळं. ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू पसरतं, स्क्रू सैल होतो, वर पांढरट थर चढतो, जोड तापतो आणि तापल्याने अजून सैल होतो. कुठे एकाच स्क्रूखाली दोन-तीन तारा कोंबलेल्या असतात. कुठे न्यूट्रलला कीट-कॅट फ्यूज घातलेला असतो. थ्री फेज घरात न्यूट्रलला फ्यूज नकोच, कारण तो उडाला की हाच प्रकार होतो.

दुरुस्ती सोपी आहे, पण पुरवठा मागून बंद करून. बाजू मेन स्विचच्या येणाऱ्या टोकाची असेल तर जनमित्राने खांबावरून सप्लाय तोडल्याशिवाय हात लावायचा नाही. मग काळं पडलेलं टोक कापून टाकायचं, तार पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासायची, त्याच मापाचा लग दाबून बसवायचा आणि स्प्रिंग वॉशर घालून आवळायचं. ॲल्युमिनियम आणि तांबं जोडायचं असेल तर त्यासाठी मिळणारा बायमेटल लग घ्यायचा. तारेचे पदर बसत नाहीत म्हणून काही कापून टाकू नयेत. पितळी पट्टी जळली असेल तर बदलायची, घासून परत लावायची नाही. नुसती पीळ मारून वर टेप गुंडाळणं म्हणजे काहीच केलं नाही. शेवटी बल्बच्या लोडवर परत तिन्ही आकडे घ्यायचे, ते जवळपास सारखे आले की मगच फ्रिजचा प्लग लावायचा. महिन्याभराने सप्लाय बंद करून तो स्क्रू एकदा परत आवळून बघावा.

एक गोष्ट मात्र गावात सर्रास चालते. न्यूट्रल गेला की जमिनीत सळई ठोकायची आणि तिच्यावरून न्यूट्रल घ्यायचा. लाईट लागते, म्हणून लोकांना वाटतं काम झालं. पण घराचा सगळा करंट त्या सळईतून मातीत उतरतो. पावसात ओली जमीन, शेजारी बांधलेली जनावरं, अनवाणी पोरं. सळईभोवतीच्या जमिनीला पायापायांत व्होल्टेजचा फरक तयार होतो. बैल-म्हशीच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून झटका तिला माणसाआधी बसतो. त्यात कुणी घराचं अर्थिंग आणि न्यूट्रल एकत्र बांधलं असेल तर न्यूट्रल सुटल्यावर फ्रिजच्या आणि मोटारीच्या पत्र्याला पण करंट येतो. अशी सळई घराजवळ दिसली तर आधी मेन स्विच पाडावा, मग वायरमनकडून ती जोडणी काढून घ्यावी.