थेंबभर रक्ताची तपासणी

बालरोगतज्ज्ञाने वृद्धांच्या आजाराविषयी लिहावे, हे काहीसे अनधिकाराचे वाटेल. परंतु माझ्या मावशीच्या बाबतीत आलेला अनुभव माझ्या डॉक्टरकीचा अभिमान उतरवणारा ठरला, म्हणून तो व्यवसायबंधूंसमोर आणि त्यांच्या कुटुंबीयांसमोर मांडतो.

मावशी ७८ वर्षांच्या, वजन ४२ किलो, राहणे दांडिया बाजारात. मधुमेहासाठी त्या अनेक वर्षे ग्लायबेनक्लामाइडची ५ मिलिग्रॅमची गोळी सकाळी आणि रात्री जेवणापूर्वी घेत. त्या दिवशी संकष्टी होती. उपवास असला तरी गोळी चुकवायची नाही, हा त्यांचा नेम. सकाळची गोळी बिनसाखरेच्या चहावर झाली, दुपारी थोडे फळ. रात्रीची गोळी नेहमीप्रमाणे आठ वाजता घेतली. चंद्रोदय मात्र उशिरा होता. थकलेल्या मावशी दोन घास खाऊन झोपल्या.

पहाटे पाचला त्या न्हाणीघरापाशी पडलेल्या आढळल्या. कपाळावर टेंगूळ, उजवा हात लुळा, शब्द अडखळत होते. मी धावत गेलो आणि इतरांप्रमाणेच मलाही अर्धांगवायूच वाटला. मेंदूचा सीटी स्कॅन कुठे लवकर होईल, याचीच चर्चा मी करत होतो. रुग्णालयात पोहोचताच तेथील परिचारिकेने काही न बोलता बोटाला सुई टोचली. ग्लुकोमीटरवर आकडा उमटला ३१. शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोजचे १०० मिलिलिटर दिल्यावर दहा मिनिटांत उजवा हात उचलला गेला आणि मावशींनी विचारले, "चहा झाला का रे?"

नवजात अर्भक थरथरले, सुस्त झाले, की मी प्रथम त्याच्या टाचेतील थेंबभर रक्तात साखर पाहतो. ७८ वर्षांच्या मावशीच्या बाबतीत मात्र ते मला सुचले नाही!

असे का होते? रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली येऊ लागली की तरुण माणसाला घाम येतो, हातपाय कापतात, छाती धडधडते. तो काहीतरी खातो आणि सावरतो. वृद्धापकाळी ही धोक्याची घंटा क्षीण होते. रक्तदाबासाठी अ‍ॅटेनोलॉलसारखे औषध चालू असेल, तर धडधड आणि कंपही झाकले जातात. मग पहिले लक्षण थेट मेंदूचेच दिसते: असंबद्ध बोलणे, तोल जाणे, क्वचित एका बाजूची शक्ती जाणे.

मागाहून चौकशी करता आणखी उलगडा झाला. तीन महिने मावशी अधूनमधून सकाळी अकराच्या सुमारास भलतेच बोलत, गॅस चालू ठेवून विसरत. जेवल्यावर पुन्हा पूर्ववत होत. घरच्यांनी हे विसराळूपण वयाच्या माथी मारले होते आणि आधीचे एक पडणे ओल्या फरशीच्या. स्मृतिभ्रंश असा घड्याळ पाहून येत नाही आणि जेवणाने जात नाही. ठरावीक वेळी बुद्धी मंदावत असेल, तर त्याच वेळी साखर मोजावी.

मावशींना बरे वाटताच घरी नेण्याची घाई सुरू झाली. तेथील डॉक्टरांनी ठाम नकार दिला, आणि ते योग्यच ठरले. न्याहारी होऊनही अकरा वाजता साखर पुन्हा ४८ वर आली. ग्लायबेनक्लामाइडचे यकृतात जे घटक तयार होतात, तेही साखर उतरवतात आणि ते बाहेर टाकण्यात मूत्रपिंडांचा मोठा वाटा असतो. मावशींचे क्रिएटिनिन १.३ होते, कागदावर हा आकडा फारसा भयावह दिसत नाही. पण वय, वजन आणि स्त्री असणे लक्षात घेऊन कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने हिशेब केला, तर मूत्रपिंडांची गाळणक्षमता मिनिटाला जेमतेम २४ मिलिलिटर भरते. अशा शरीरात गोळीचा अंमल एक-दोन दिवसही रेंगाळतो. म्हणून अशा रुग्णाला दाखल करून निदान २४ तास, मूत्रपिंडे दुबळी असल्यास त्याहून अधिक काळ, साखर वरचेवर मोजणे आवश्यक असते. अमेरिकन जेरिएट्रिक्स सोसायटीने २०१२ मध्येच हे औषध वृद्धांसाठी टाळावयाच्या बीअर्स यादीत घातले.

पुढे मावशींची ती गोळी बंद झाली आणि साखरेचे उद्दिष्ट सैल केले गेले. सकाळचे ते झटके नंतर आले नाहीत.

याचा अर्थ प्रत्येक अर्धांगवायू साखरेचा असतो असे नव्हे. साखर नीट असेल, तर क्षणही न दवडता स्कॅनकडे जावे; गुठळी विरघळवण्याचे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते. ग्लुकोमीटरच्या तपासणीला मिनिटही लागत नाही. साखर कमी असून रुग्ण शुद्धीवर असेल आणि नीट गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही घालू नये. तडक रुग्णालय गाठावे.

आणि संकष्टीच्या आदल्या दिवशी आपल्या डॉक्टरांना एवढेच विचारावे: उद्या ही गोळी घ्यायची की नाही?