शनिवारी अकरा वाजता, दोन्ही फॉर्म १६ सोबत

जुलै महिना लागला की सीएंचे असे निरोप अनेकांच्या मोबाइलवर येऊ लागतात. २०२४ सालचा एक नमुना पाहू. पुण्यात भाड्याने राहणाऱ्या आणि वर्षाच्या मध्यावर नोकरी बदललेल्या एका तरुणीला तो आला आहे असं समजू.

‘नमस्कार मॅडम. आर्थिक वर्ष २०२३-२४चं रिटर्न भरायची शेवटची तारीख ३१ जुलै आहे. त्याआधी सगळी कागदपत्रं एकदा समोरासमोर बसून बघू. शनिवार, १३ जुलै, सकाळी ११ वाजता ऑफिसला याल का? तासभर लागेल. बुधवारपर्यंत एवढं पाठवून ठेवा: दोन्ही कंपन्यांचे फॉर्म १६, सगळ्या बँक खात्यांची १ एप्रिल ते ३१ मार्चची स्टेटमेंट, पोर्टलवरून डाउनलोड केलेलं एआयएस, भाडेकरार, घरमालकांचा पॅन, विम्याच्या आणि इतर गुंतवणुकीच्या पावत्या. दुसऱ्या कंपनीने फॉर्म १६ दिला नसेल तर वर्षभराच्या सॅलरी स्लिप चालतील. येताना आधारशी जोडलेला मोबाइल जवळ असू द्या. वेळ जमत नसेल तर आजच कळवा.’

निरोप रुक्ष वाटतो, पण त्यातली तारीखसुद्धा विचारपूर्वक निवडलेली आहे. वर्ष ३१ मार्चला संपतं, मग भेट मेमध्येच का नाही? कारण जानेवारी ते मार्चच्या टीडीएसचं विवरण भरायला कंपन्यांना ३१ मेपर्यंत मुदत असते आणि फॉर्म १६ द्यायला १५ जूनपर्यंत. बँका आणि म्युच्युअल फंड यांच्याकडून येणारी माहितीही त्याच सुमारास प्राप्तिकर खात्याकडे पोहोचते. त्याआधी बसलं तर अर्धं चित्रच समोर असतं. उलट जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एखादी चूक सापडली तर ती दुरुस्त करायला वेळ उरत नाही. कंपनीने कापलेला कर तुमच्या पॅनवर दिसत नसेल, तर कंपनीला सुधारित विवरण भरावं लागतं आणि त्यात दिवस जातात. म्हणून जुलैचा दुसरा आठवडा.

आता ‘दोन्ही’ या शब्दाकडे वळू. त्या एका शब्दात या बैठकीचं निम्मं काम आहे.

या तरुणीला पहिल्या कंपनीत एप्रिल ते सप्टेंबर सहा लाख रुपये पगार मिळाला. वर्षभराचे बारा लाख धरून कंपनीने दरमहा कर कापला, सहा महिन्यांचा मिळून ४२,९०० रुपये. ऑक्टोबरपासून दुसरी कंपनी, तिथे मार्चपर्यंत सात लाख वीस हजार. जुन्या पगाराची माहिती तिने नव्या कंपनीला दिली नाही. तेव्हा नव्या कंपनीने फक्त आपल्या पगाराचा हिशेब केला. पन्नास हजारांची प्रमाणित वजावट जाऊन सहा लाख सत्तर हजार उरले. त्या वर्षी नव्या करप्रणालीत सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर पूर्ण सूट होती, त्यामुळे कर शून्य. कर कापलेलाच नसेल तर फॉर्म १६ देण्याचं बंधनही कंपनीवर नसतं.

तिच्या हातात मग एकच फॉर्म १६ उरतो, पहिल्या कंपनीचा. त्यात करपात्र उत्पन्न साडेपाच लाख, देय कर शून्य आणि कापलेला कर ४२,९००. कुणालाही वाटेल की एवढे पैसे परत मिळणार. तेवढाच कागद घेऊन घाईघाईत रिटर्न भरणारी माणसं याच ठिकाणी फसतात.

खरा हिशेब दोन्ही पगार एकत्र केल्यावर कळतो. तेरा लाख वीस हजार पगार, शिवाय मुदत ठेवीचं तीस हजार व्याज. त्या वर्षी चाळीस हजारांच्या आतल्या व्याजावर बँक टीडीएस कापत नसे, म्हणून ते लक्षातून सहज निसटतं. प्रमाणित वजावट एकदाच मिळते. ती धरून करपात्र उत्पन्न होतं बरोबर तेरा लाख, आणि त्यावर नव्या प्रणालीत उपकरासह कर होतो १,१४,४०० रुपये.

पण आता भाडेकरार आणि पावत्यांचा उपयोग होतो. महिना पंचवीस हजार भाडं आणि वर्षाचं मूळ वेतन सहा लाख असेल, तर जुन्या प्रणालीत घरभाडे भत्त्याची २,४०,००० रुपयांची सवलत बसते. भाडं वर्षाला लाखाच्या वर असल्याने घरमालकाचा पॅन हवाच, आणि तो मागितल्यावर त्याच दिवशी मिळेल याची खात्री नसते. भविष्य निर्वाह निधी आणि विमा मिळून दीड लाख, आरोग्य विम्याचे पंचवीस हजार. व्यवसाय कराची छोटी वजावट बाजूला ठेवली तरी उत्पन्न ८,८५,००० वर येतं आणि कर ९३,०८० वर. नव्या प्रणालीपेक्षा २१,३२० रुपयांनी कमी. कापलेले ४२,९०० वजा जाता तिला ५०,१८० रुपये भरायचे आहेत, वर आगाऊ कर न भरल्याचं साडेचार हजारांच्या आसपास व्याज. परतावा मिळेल असं वाटणाऱ्या माणसाला हे ऐकवायचं असतं. ते निरोपातून सांगण्यासारखं नाही. त्यासाठीच समोरासमोर बसायचं.

तारीख चुकली तर? तिच्या उत्पन्नाला पाच हजार विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर दरमहा एक टक्का व्याज. त्याहून मोठा फटका असा की मुदतीनंतर भरलेल्या रिटर्नमध्ये जुनी प्रणाली निवडताच येत नाही. म्हणजे ते २१,३२० रुपयेही गेले. मुदतवाढीवर विसंबणं मला धोक्याचं वाटतं. २०२५ साली ती मिळाली, आधी १५ सप्टेंबरपर्यंत आणि मग आणखी एक दिवस. २०२४ साली मात्र ३१ जुलै ही तारीख हलली नाही.

एआयएस म्हणजे तुमच्याविषयी इतरांनी खात्याला कळवलेली माहिती. incometax.gov.in वर ती कुणालाही स्वतः पाहता येते. मग बँक स्टेटमेंट कशाला? कारण एआयएस पूर्ण असतंच असं नाही आणि बरोबरही असतंच असं नाही. एखाद्या बाहेरच्या कामाचे पैसे त्यात नसतील तरी ते दाखवण्याची जबाबदारी तुमचीच. आईसोबतच्या संयुक्त ठेवीचं सगळं व्याज पहिल्या नावावर दिसू शकतं, पैसे आईचे असले तरी. ठेव कुणाच्या पैशांतून झाली हे कागदावर नसतं. ते सीए विचारतो आणि अशिलाने सांगायचं असतं. नोंद चुकीची असेल तर पोर्टलवरच तसा अभिप्राय नोंदवायची सोय आहे, आणि तो रिटर्न भरण्याआधी नोंदवलेला बरा.

आधारशी जोडलेला मोबाइल शेवटच्या टप्प्यासाठी लागतो. आधी उरलेला कर चलनाने भरायचा, त्या चलनाचे तपशील रिटर्नमध्ये घालायचे, आणि रिटर्न पाठवल्यावर आलेल्या ओटीपीने त्याची पडताळणी करायची. ही पडताळणी तीस दिवसांत व्हावी लागते. ती त्यानंतर केली तर पडताळणीचा दिवसच रिटर्न भरल्याचा दिवस धरला जातो, आणि ३१ जुलैच्या आत केलेली सगळी धावपळ उशिरात जमा होते. म्हणून चांगला सीए चलन भरून झाल्यावर ‘सबमिट’ करण्याआधी हिशेबाचा एक कागद अशिलाला पाठवतो, त्यावर लेखी होकार घेतो, आणि ओटीपी सांगेपर्यंत फोन ठेवत नाही.