भाऊ, ब्रदर आणि हरवलेला उदात्त

'बदनाम', 'बदसूर' या शब्दांतला 'बद' आपल्याकडे फारसीतून आला. इंग्रजीत 'बॅड' आहे. अर्थ तोच, उच्चारही जवळजवळ तोच, पण या दोन शब्दांचं एकमेकांशी काहीही नातं नाही. फारसीचं मधल्या काळातलं रूप पाहिलं तर तिथे 'वद' सापडतो. त्यातल्या 'व'चा पुढे 'ब' झाला. म्हणजे जितकं मागे जावं तितके हे दोन शब्द एकमेकांपासून लांब जातात. उलट 'भाऊ' आणि 'ब्रदर' पाहा. कानाला सारखं असं काही फारसं उरलेलं नाही, तरी हे दोघे एकाच घरातले.

असं खात्रीने कशावरून म्हणायचं? शब्द सारखे दिसतात की नाही, यावर भाषांचं नातं ठरत नाही. दोन भाषांतल्या ध्वनींमधला फरक शब्दामागून शब्दात तसाच पुन्हा येतो का, हे पाहावं लागतं.

आधी 'भाऊ'चंच बघू. संस्कृत 'भ्रातृ'पासून 'भाऊ'पर्यंत येताना सुरुवातीच्या जोडाक्षरातला 'र' गळला. तो 'ग्राम'मधूनही गळला आणि 'गाव' झालं, 'भ्रमर'मधूनही गळला आणि 'भोवरा' झाला. दोन स्वरांच्या मधे सापडलेला एकटा 'त' किंवा 'द' प्राकृतातच विरघळला होता, म्हणून 'माता'ची 'माय' झाली आणि 'पाद'चा 'पाय'. पण 'सप्त', 'भक्त' यांच्यात 'त'ला जोडीदार होता. प्राकृतात त्यांचं 'सत्त', 'भत्त' झालं आणि दुहेरी 'त' टिकला. मराठीत तो एकेरी होताना आधीचा स्वर लांबला आणि 'सात', 'भात' मिळाले. 'माय'मधला 'त' जाणं आणि 'सात'मधला राहणं ही कुणाची लहर नव्हती. ध्वनी बदलतो तो शेजार पाहून, शब्दाचा अर्थ पाहून नाही. म्हणून तशा शेजारातले सगळे शब्द तो बरोबर घेऊन जातो.

आता युरोपकडे. डेन्मार्कच्या रास्मुस रास्कने 1818 मध्ये आणि परीकथांमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या याकोब ग्रिमने 1822 मध्ये असाच एक नियम मांडला. इंग्रजी, जर्मन, गॉथिक या जर्मानिक भाषांत मूळच्या 'प'चा 'फ' झाला, 'त'चा 'थ' झाला, 'द'चा 'ट' झाला आणि 'भ'चा 'ब'. हा 'थ' मराठी 'थ' नव्हे. जीभ दातांना लावून हवा घासत सोडली की 'थ्री'मध्ये ऐकू येतो तो. 'पाद'ला 'फूट', 'त्रि'ला 'थ्री', 'दन्त'ला 'टूथ', 'दश'ला 'टेन', 'भ्रातृ'ला 'ब्रदर'. एखादी जोडी योगायोगाने जुळेल. पण तोच फरक अंकांत, अवयवांत, नात्यांच्या नावांत एकसारखा दिसतो, तेव्हा एकच उलगडा उरतो: या भाषा एका पूर्वज भाषेतून फुटल्या आणि एका फांदीवर हा बदल सरसकट झाला.

उसने शब्दही यातून ओळखू येतात. इंग्रजीत 'फूट' आहे तसं 'पेडल'ही आहे आणि दोन्हींचा मूळ धातू एकच. पण 'पेडल'मधला 'प' जागचा हललेला नाही, कारण 'प'चा 'फ' होऊन गेल्यावर बऱ्याच शतकांनी तो शब्द लॅटिनच्या घराण्यातून इंग्रजीत आला. आपल्याकडे 'पाय' पिढ्यान्‌पिढ्या तोंडात झिजत आला आणि 'पादत्राण'मधला 'पाद' ग्रंथातून थेट उतरला, तसंच हे.

ग्रिमच्या नियमात एक जागा मात्र अनेक वर्षं सलत राहिली. जर्मन शिकताना पहिल्याच आठवड्यात मी वहीत तीन शब्द एकाखाली एक लिहिले होते: फाटर, मुटर, ब्रूडर. वडील, आई, भाऊ. पहिल्या दोघांत 'ट' आणि तिसऱ्यात 'ड' का, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नाही. संस्कृतात तर तिन्हीकडे एकच 'त' आहे: पितृ, मातृ, भ्रातृ. आजच्या फादर, मदर, ब्रदरमध्ये हा फरक दिसत नाही, पण हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो होता. पहिल्या दोन शब्दांत 'ड' आणि 'ब्रदर'मध्ये मात्र 'थ'. नियमाप्रमाणे तिन्हीकडे 'थ' हवा होता. भाऊ नियमाने वागत होता, आई-वडील वागत नव्हते.

उत्तर कार्ल व्हर्नर या डॅनिश अभ्यासकाला सापडलं. 1875 मध्ये लिहिलेल्या निबंधात त्याने ते मांडलं, आणि ते मिळालं वैदिक संस्कृतात.

ऋग्वेदाची सस्वर छापलेली संहिता उघडली तर अक्षरांच्या खाली आडव्या आणि वर उभ्या रेघा दिसतात. आडवी रेघ अनुदात्ताची, उभी स्वरिताची. जे अक्षर उदात्त, म्हणजे उंच स्वरात म्हणायचं, त्यावर खूण नसते. हे तीन शब्द तिथे असे दिसतात: पि॒ता, मा॒ता, भ्राता॑. पहिल्या दोघांत उदात्त 'ता'वर आहे, 'भ्राता'मध्ये तो 'भ्रा'वर.

एवढ्यानेच गाठ सुटली. जर्मानिक भाषांत 'त'चा 'थ' तिन्ही शब्दांत झाला होता. पण शब्दाच्या मधे असलेल्या या 'थ'च्या आधीच्या अक्षरावर आघात नसेल, तर तो मऊ पडून सघोष होत असे. 'पिता' आणि 'माता' यांच्यात आघात पुढे होता, म्हणून तिथला ध्वनी मऊ पडला आणि जर्मनपर्यंत येताना त्याचा 'ड' आणि मग 'ट' झाला. 'भ्राता'मध्ये आघात आधीच्याच अक्षरावर होता, म्हणून 'थ' तसाच राहिला आणि जर्मनमध्ये पुष्कळ उशिरा त्याचा 'ड' झाला. नंतर जर्मानिक भाषांनी आघात सरसकट शब्दाच्या पहिल्या अक्षरावर आणून ठेवला. कारण पुसलं गेलं, परिणाम तेवढा शिल्लक राहिला. म्हणून नुसत्या जर्मानिक भाषा तपासून हा अपवाद उलगडणं फार अवघड होतं.

मला या शोधातली सर्वांत विलक्षण गोष्ट ही वाटते की दोन्ही पुरावे एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र होते. वेदपाठ करणाऱ्यांनी उदात्त जपला तो मंत्र बिघडू नये म्हणून. जर्मन 'ट' आणि 'ड' यांची त्यांना गंधवार्ता नव्हती. तरीही एकाचा स्वर दुसऱ्याच्या व्यंजनात बरोबर उमटलेला निघाला. उसनवारीने शब्द येतात, पण असा मेळ उसना येऊ शकत नाही.

व्हर्नरचा नियम 'थ'पुरता नव्हता. तशाच जागी 'स'ही मऊ होऊन 'झ' झाला आणि बहुतेक जर्मानिक भाषांत पुढे त्याचा 'र'. संस्कृतात 'वस्' म्हणजे राहणे. आपली 'वस्ती' त्यातूनच आली. त्याच्या परोक्ष भूतकाळात 'तो राहिला' याला 'उवास', तिथे उदात्त धातूवर आहे. 'ते राहिले' याला 'ऊषुः', तिथे उदात्त प्रत्ययावर सरकतो. तोच धातू इंग्रजीत 'होता' या अर्थाने वापरतात. एकवचनात आघात 'स'च्या आधी होता म्हणून सकाराचा ध्वनी टिकला, अनेकवचनात तो पुढे गेला आणि 'स'चा 'र' झाला: ही वॉज, दे वेअर. 'वॉज'ऐवजी 'वेअर' का लिहायचं, असं शाळेतलं मूल विचारतं. त्याचं खरं उत्तर 'ऊषुः'मधल्या शेवटच्या अक्षरावरच्या उदात्तात आहे.