डाळिंबाच्या मुळाशी पडलेली गाठ

बाग तीन वर्षांची. पहिला बहार चांगला निघाला, दुसऱ्याला मधल्या दोन ओळी मागे पडल्या. तिथली पानं फिकी झाली, नवी फूट आखूड आली, फळं लिंबाएवढी राहिली. दुपारी बारानंतर झाडं माना टाकतात आणि संध्याकाळी पुन्हा सावरतात. ठिबकचं पाणी सगळ्या ओळींना सारखंच आहे. मालक आधी ड्रिपर तपासतो, मग सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या फवारण्या करतो, नंतर कुणीतरी मर रोग म्हणतं म्हणून बुरशीनाशकाची आळवणी करतो. सोलापूर, सांगोला, आटपाडी, मालेगाव, सटाणा या डाळिंबाच्या पट्ट्यांत हे वर्णन अनेकांना आपल्याच बागेचं वाटेल. यातला बराच खर्च झाडाच्या वरच्या भागावर होतो. दुखणं मात्र बहुतेक वेळा जमिनीखाली वीतभर खोलीवर असतं.

ते बघायला यंत्र लागत नाही. ड्रिपरखालची वरची दोन बोटं माती बाजूला सारायची आणि खालची ओली माती खुरप्याने हलक्या हाताने मोकळी करायची. पांढरी बारीक मुळं ओढून काढायची नाहीत, कारण ओढली की गाठी तुटून मातीतच राहतात आणि हातात आलेलं मूळ निरोगी दिसतं. मातीसकट ढेकूळ बादलीत बुडवलं की पाच-दहा मिनिटांत मुळं आपोआप सुटी होतात. निरोगी मूळ दोऱ्यासारखं एकसारखं असतं. रोगट मुळावर मोहरीपासून ज्वारीच्या दाण्याएवढ्या फुगवट्या ओळीने दिसतात. फुगवटी मुळाला बाहेरून चिकटलेली नसते, मूळच तिथे फुगलेलं असतं. हरभऱ्याच्या किंवा भुईमुगाच्या मुळावरच्या नत्राच्या गाठी याच्याशी घोळवू नयेत. त्या कडेला लटकतात, बोटाने चोळल्या की सुटतात आणि जिवंत असतील तर आतून गुलाबी दिसतात. सूत्रकृमीची गाठ चोळून निघत नाही.

साधं भिंग असेल तर आणखी एक गोष्ट दिसते. काही फुगवट्यांच्या पाठीवर टाचणीच्या डोक्याएवढा, चिकट, पिवळट-तपकिरी ठिपका असतो. तो अंड्यांचा पुंजका. एका पुंजक्यात साधारण तीनशे ते पाचशे अंडी असतात. प्रयोगशाळेत मुळं फ्लॉक्सिन-बी नावाच्या रंगात बुडवतात, तेव्हा हे ठिपके लालभडक होतात आणि सरळ मोजता येतात.

गाठी करणारी ही सूत्रकृमी म्हणजे मेलॉयडोगायनी. डाळिंबात मुख्यतः तिची इन्कॉग्निटा ही जात आढळते. वनस्पतींवर जगणाऱ्या सूत्रकृमी अनेक प्रकारच्या आहेत, पण महाराष्ट्रातल्या फळबागांत आणि भाजीपाल्यात जिने सर्वाधिक नासाडी केली ती हीच, म्हणून इथे तिच्यापुरतंच बोलू.

अंड्याच्या आतच पिल्लू एकदा कात टाकतं. बाहेर पडतं ते दुसऱ्या अवस्थेचं पिल्लू, लांबी अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. संपूर्ण आयुष्यात मातीतून फिरून मुळात शिरणारी अवस्था ही एवढीच, हे लक्षात ठेवावं, कारण पुढचे सगळे उपाय इथेच येऊन अडतात किंवा साधतात. मातीच्या कणांभोवती पाण्याचा जो पातळ थर असतो, त्यातून ते सरपटत मुळाच्या टोकाकडे जातं. तोंडात पोकळ सुईसारखा अवयव असतो. त्याने टोकामागचा कोवळा भाग भोसकून ते आत शिरतं, पेशींच्या मधून वाट काढत मुळाच्या गाभ्यात पोचतं आणि पाणी-अन्न वाहणाऱ्या नळ्या तयार होतात तिथे मुक्काम ठोकतं.

मग ते निवडलेल्या काही पेशींमध्ये लाळ सोडतं. त्या पेशींच्या केंद्रकांचं विभाजन होत राहतं, पण पेशी मात्र दुभंगत नाहीत. परिणामी प्रत्येक पेशी भरपूर केंद्रकं असलेली, नेहमीपेक्षा कित्येक पट मोठी होते आणि झाडाचं अन्न तिकडे ओढलं जातं. भोवतालच्या पेशीही वाढतात आणि बाहेरून आपल्याला गाठ दिसते. पिल्लू आता हलत नाही. आणखी तीनदा कात टाकून ते नासपतीच्या आकाराची, पांढरी, गोलमटोल मादी होतं. या जातीत मादीला नराची गरज नसते. ती नराशिवायच अंडी घालते, म्हणून एकटं पिल्लूही बाग बिघडवायला पुरतं. मुळाच्या गाभ्यातल्या नळ्या अशा वेड्यावाकड्या झाल्यावर झाडाला ओल्या जमिनीतूनही पुरेसं पाणी खेचता येत नाही. दुपारी मान टाकण्याचं कारण हे आहे.

जमिनीचं तापमान पंचवीस ते तीस अंश असेल तर अंड्यापासून अंड्यापर्यंतचा हा फेरा साधारण 25 ते 30 दिवसांत पुरा होतो. हिशेब करून बघा. एका मादीची तीनशे अंडी धरा आणि त्यांतली शंभरात फक्त पाच मूळ गाठून पुढे माद्या झाल्या असं समजा. म्हणजे महिन्याने पंधरा. दुसऱ्या महिन्यात सव्वादोनशे, चौथ्यात पन्नास हजारांवर, पाचव्यात साडेसात लाखांवर. प्रत्यक्षात मुळं संपतात, शत्रू-बुरशा खातात, हिवाळ्यात वेग मंदावतो, त्यामुळे आकडा इतका चढत नाही. पण लागवडीनंतर दोन वर्षं काहीच दिसलं नाही आणि तिसऱ्या वर्षी एकदम ओळी बसल्या, याचा उलगडा या हिशेबात आहे. त्यात ठिबक त्यांना सोयीचं पडतं. पांढऱ्या मुळांचा जुडगा ड्रिपरखाली आणि ओल कायमची, तीही डाळिंबाला मानवणाऱ्या हलक्या, मुरमाड जमिनीत.

मुळाला पडलेल्या जखमांतून आणि दुबळ्या झालेल्या भागातून मातीतल्या रोगकारक बुरशींना वाट मिळते. मर रोगाच्या बागेत बुरशीनाशकाचा गुण येईना, तर गाठी तपासल्याशिवाय पुढची आळवणी करण्यात अर्थ नाही.

नमुना कुठला घ्यायचा, यातही चूक होते. वाळून गेलेल्या झाडाखालची माती पाठवली जाते. तिथे अन्न संपल्यामुळे जिवंत सूत्रकृमी कमी सापडतात आणि अहवाल चांगला येतो. माती घ्यावी ती नुकत्याच पिवळ्या पडू लागलेल्या झाडांखालची, म्हणजे चांगल्या आणि वाईट भागाच्या सीमेवरची. पाच-सहा झाडांच्या ओलाव्यातून वीतभर खोलीची माती एकत्र करून अर्धा किलो, सोबत मूठभर बारीक मुळं, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून. पिशवी गाडीच्या टपावर उन्हात ठेवली तर पिल्लं मरतात आणि त्यांची मोजणी चुकते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात सूत्रकृमींच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाचं केंद्र आहे आणि सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र. सर्वसाधारण निकष असा की ग्रॅमभर मातीत एक-दोन पिल्लं निघाली तर उपाय करायचे. नव्या लागवडीच्या जमिनीत मात्र इतकीसुद्धा सोडून देण्यासारखी नाहीत, कारण डाळिंब तिथे पुढची दहा-पंधरा वर्षं उभं राहणार आहे.

आता उपाय. उभ्या बागेतून सूत्रकृमी संपवता येत नाही, संख्या खाली ठेवता येते. माद्या मुळाच्या आत आणि अंडी चिकट आवरणात असतात. औषध मुख्यतः मातीत फिरणाऱ्या पिल्लांना गाठतं. फ्लुओपायरम आणि फ्लुएन्सल्फोन ही अलीकडची सूत्रकृमीनाशकं आधीच्या जहाल दाणेदार औषधांपेक्षा सुरक्षित आहेत. फोरेट तर देशात बंदच झालं. पण लेबलवर आपलं पीक आहे का, मात्रा किती आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं हे वाचूनच वापरावं, विशेषतः माल निर्यातीला जाणार असेल तर. वापरायचं ते बहार धरताना, पहिलं पाणी देऊन पांढरी मुळी सुटू लागते तेव्हा. फळं फुगायच्या वेळी ओतलेल्या औषधाने त्या हंगामात फारसा फरक पडत नाही.

माझं मत विचाराल तर औषधाच्या आधी निंबोळी पेंड. मोठ्या झाडाला दीड-दोन किलो, ड्रिपरच्या ओल्या भागात मातीत मिसळून, बहाराच्या दोन-तीन आठवडे आधी. कोरड्या मातीवर पसरलेली पेंड कुजत नाही आणि कामही करत नाही. तिच्यासोबत अंड्यांवर वाढणारी पर्प्युरिओसिलियम लिलॅसिनम ही बुरशी द्यावी. दुकानात ती अजून पॅसिलोमायसिस या जुन्या नावानेच मागितली जाते. टनभर चांगल्या कुजलेल्या शेणखतात किलो-दोन किलो मिसळून, सावलीत पंधरा दिवस ओलसर ठेवून मग झाडांना टाकली तर ती मातीत टिकते.

झेंडूबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. त्याच्या मुळांत सूत्रकृमीला घातक द्रव्य असतं, हे खरं. पण ते काम जिथे त्याची मुळं पोचतात तिथेच होतं. बांधावर हौसेने लावलेल्या ओळीचा डाळिंबाला उपयोग नाही. झाडाभोवती ओलाव्याच्या पट्ट्यात दाट लावून दोन-तीन महिने ठेवला तर फरक दिसतो. याउलट लहान बागेत आंतरपीक म्हणून टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी किंवा काकडी घेणं म्हणजे सूत्रकृमीला आपणहून वाढवणं. जागा रिकामी ठेवायची नसेल तर ताग घ्यावा. तो गाडताही येतो.

लागवडीआधी मात्र खूप काही हातात असतं. एप्रिल-मेमध्ये जमीन नांगरून तापू द्यावी. रोपवाटिकेतल्या मातीच्या मिश्रणाचा वीतभर जाड थर करून भिजवावा आणि पातळ पारदर्शक प्लास्टिकने चारी कडा दाबून चार ते सहा आठवडे झाकावा. काळा कागद इथे चालत नाही, उष्णता खाली जात नाही. मेलेल्या झाडाच्या जागी नवं रोप लावायचं तर खड्ड्यातली मुळं वेचून जाळावीत आणि माती बदलावी. नुसती सांधणी केली तर नव्या रोपाला गाठी पहिल्याच वर्षी येतात.

सूत्रकृमी स्वतःहून हंगामात फार तर हातभर सरकते. शेतातून शेतात तिला नेतात ती पाणी, अवजारं आणि सगळ्यात जास्त कलमांच्या पिशव्या. गुटी कलम असो की टिश्यू कल्चर, रोप प्रयोगशाळेत कितीही स्वच्छ असलं तरी पिशवीत भरलेली माती कुठल्या शेतातून आली यावर सगळं ठरतं. हजार कलमं घेणाऱ्याने भाव ठरवण्याआधी आपल्या हाताने निवडलेल्या आठ-दहा पिशव्या फोडून, मुळं बादलीत धुवून बघावीत. एका जरी मुळावर गाठ दिसली तरी तो लॉट घेऊ नये, आणि रोपवाटिकावाला पिशवी फोडू देत नसेल तर तिथून कलमं घेऊच नयेत.