वॉर्डात सेफ्ट्रियाक्झोन नेमकं किती लागलं?

रुग्णालयाच्या औषध विभागात कोणतं अँटिबायोटिक किती गेलं याची नोंद रोज होत असते. तरीही ‘सगळ्यात जास्त काय वापरलं?’ या साध्या प्रश्नाचं उत्तर त्या रजिस्टरमधून सरळ मिळत नाही. नग मोजले तर इंजेक्शनची व्हायल आणि गोळी एकाच मापानं मोजायची वेळ येते. वजन पाहिलं तर डॉक्सिसायक्लिन दिवसाला १०० मिलिग्रॅम पुरतं, पिपरॅसिलिन मात्र १४ ग्रॅम लागतं. किंमत तर कंपनी आणि कंत्राट बदललं की बदलते.

म्हणून औषधशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंधासाठी ‘डीडीडी’ हे एकक वापरतात. एखाद्या औषधाच्या मुख्य वापरासाठी प्रौढ माणसाला दिवसाकाठी सरासरी किती मात्रा लागेल, याचा तो ठरवून घेतलेला आकडा आहे. हे आकडे जागतिक आरोग्य संघटनेचं ऑस्लोमधलं केंद्र ठरवतं. सेफ्ट्रियाक्झोनच्या इंजेक्शनसाठी तो २ ग्रॅम आहे.

समजा, ६० खाटांचा वॉर्ड आहे, महिना ३० दिवसांचा आहे आणि सरासरी ८० टक्के खाटा भरलेल्या आहेत. म्हणजे १,४४० खाट-दिवस झाले. औषध विभागातून एक ग्रॅमच्या १,२०० व्हायली वॉर्डात गेल्या आणि १२० परत आल्या. उरलेल्या १,०८० ग्रॅमना दोनानं भागलं की ५४० डीडीडी होतात. मग १०० खाट-दिवसांमागे हिशेब ३७.५ येतो.

परत आलेल्या व्हायली वजा करायचं राहून गेलं, तर हाच आकडा ४१ च्या वर जातो. घाईत केलेल्या कामात ही चूक सर्रास होऊ शकते, कारण वॉर्डाचा इंडेंट एका रजिस्टरमध्ये आणि परतीची नोंद दुसऱ्यात असते. मिश्र औषधांतही असाच घोळ होतो. पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टमच्या व्हायलीवर साडेचार ग्रॅम लिहिलेलं असतं, पण त्यात पिपरॅसिलिन चारच ग्रॅम असतं आणि १४ ग्रॅमचा डीडीडी तेवढ्यापुरताच आहे. अशा १४० व्हायलींचे खरे ४० डीडीडी होतात. लेबलवरचा आकडा धरला तर ते ४५ दिसतात.

आता त्या ३७.५ चा अर्थ काय? शंभरातल्या सुमारे ३७-३८ रुग्णांना रोज सेफ्ट्रियाक्झोन मिळालं, असं वाक्य लिहायचा मोह होतो. हे वाक्य प्रत्येकाला दिवसाला नेमके २ ग्रॅम मिळाले असतील तरच खरं आहे. डॉक्टर दिवसातून एकदाच एक ग्रॅम देत असतील, तर तेवढ्याच व्हायली शंभरातल्या ७५ खाटांना पुरतात. उलट वॉर्डात मेंदूज्वराचे रुग्ण असतील आणि त्यांना दोन ग्रॅम दोनदा दिले जात असतील, तर त्या १९ खाटांतच संपतात. आकडा तोच, वॉर्ड मात्र तीन निराळे. पहिल्या वॉर्डात वापर मध्यम आहे. दुसऱ्यात जवळजवळ प्रत्येकाला अँटिबायोटिक लागतंय, आणि तिथे कारण शोधायला हवं.

हा फरक औषध विभागाच्या रजिस्टरमध्ये कधीच दिसणार नाही. त्यासाठी केस पेपर उघडावे लागतात. प्रत्यक्षात किती मात्रा लिहिली, दिवसातून किती वेळा, किती दिवस आणि कोणत्या निदानासाठी, हे रुग्णागणिक उतरवून घ्यावं लागतं. लिहून दिलेली रोजची सरासरी मात्रा डीडीडीच्या शेजारच्या रकान्यात मांडली की वाचणाऱ्याला आकड्यामागची पद्धत कळते. प्रबंधाच्या शीर्षकात ‘प्रिस्क्रिप्शन पॅटर्न’ आणि आत फक्त स्टॉक रजिस्टरची बेरीज, असं काम अपुरंच म्हणायला हवं.

मापाच्या मर्यादाही त्याच प्रकरणात याव्यात. डीडीडी प्रौढांसाठी ठरवलेला आहे. बालरोग विभागात मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे तिथलं औषध या हिशेबात मिसळलं तर खरा वापर झाकला जातो. मूत्रपिंड कमजोर असलेल्या रुग्णांना अनेक अँटिबायोटिकांची मात्रा घटवावी लागते. असे रुग्ण जास्त असलेल्या अतिदक्षता विभागाचा आकडा म्हणूनच कमी दिसू शकतो.

आणखी एक गोष्ट वर्षावर्षांची तुलना बिघडवते. ऑस्लोचं केंद्र अधूनमधून डीडीडी बदलतं. तोंडानं घ्यायच्या अमॉक्सिसिलिनचा डीडीडी २०१९ मध्ये १ ग्रॅमवरून दीड ग्रॅम झाला. त्यामुळे तेवढ्याच कॅप्सूल वाटल्या गेल्या तरी कागदावर वापर एक तृतीयांशानं उतरतो. जुन्या प्रबंधातला आकडा उचलून शेजारी ठेवला, तर रुग्णालयानं अँटिबायोटिक कमी केलं असा खोटा निष्कर्ष निघतो. जुन्या नोंदी नव्या डीडीडीनं पुन्हा मोजल्या तरच तुलना टिकते.

प्रबंध लिहिणाऱ्यांना एकच आग्रह आहे: तक्त्याखाली डीडीडी यादीचं वर्ष, खाट-दिवस कसे मोजले आणि परतीचा माल वजा केला की नाही, हे तीन ओळींत लिहा. ते नसेल तर तुमचा आकडा पुढच्या वर्षी तुमच्याच वॉर्डाशीही ताडून पाहता येणार नाही.