आरोग्यविचार, लेखांक नववा : मच्छरदाणीच्या भोकांचा हिशेब

गेल्या सप्ताहातील लेखांकात हिवतापाचा जंतू डासाच्या शरीरात कसा वाढतो ते आपण पाहिले. आज त्या डासाच्या आणि निजलेल्या माणसाच्या मध्ये जे जाळीदार वस्त्र टांगले जाते, त्याच्याकडे वळू. अंजनगाव सुर्जी हे नाव इतिहासाच्या विद्यार्थ्यास ३० डिसेंबर १८०३ च्या तहामुळे ठाऊक असते आणि व्यापाऱ्यास पानमळ्यांमुळे व पानपिंपरीमुळे. परंतु आपल्या प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या कसब्याचे महत्त्व निराळे आहे. येथे सपाट काळी जमीन संपत जाते आणि उत्तरेस गाविलगडाचे डोंगर व त्यांच्या पलीकडचा मेळघाट सुरू होतो. शहानूर नदी त्याच डोंगरातून गावाकडे उतरते, आणि पावसाळा ओसरला की तिच्या पात्रातील डबकी, पाटांचे कडेचे संथ पाणी व ओढ्यांचे काठ ही हिवतापाच्या डासाला अंडी घालण्यास सोयीची स्थळे होतात. कसब्याच्या दाट वस्तीतील टाक्यांत आणि फुटक्या भांड्यांत वाढणारा डेंग्यूचा डास वेगळा. तो दिवसा चावतो, आणि दिवसा जागे असणाऱ्या माणसास मच्छरदाणी काय करणार? दुपारी निजणाऱ्या तान्ह्या मुलापुरताच तिचा तेथे उपयोग. हा भेद प्रथमच सांगून टाकलेला बरा, कारण ‘मच्छरदाणी लावली तरी घरात ताप आलाच’ ही तक्रार पुष्कळदा दोन डासांची गल्लत केल्यामुळे उद्भवते. हिवतापाचा डास सूर्यास्तानंतर, माणूस स्थिर झाला असता, रक्त प्राशन करण्यास येतो. मच्छरदाणीचा सामना आहे तो त्याच्याशी.

आजोबांच्या काळच्या सुती मच्छरदाणीत आणि आरोग्य खात्याकडून मिळणाऱ्या हल्लीच्या मच्छरदाणीत जो मूलभूत फरक आहे, तो डोळ्यांना दिसत नाही. जुनी मच्छरदाणी ही केवळ भिंत होती. ती फाटली की तिचे काम संपले. मध्यंतरी साध्या मच्छरदाण्या डेल्टामेथ्रिनच्या द्रावणात बुडवून सावलीत वाळविण्याची आणि दर सहा महिन्यांनी तेच पुन्हा करण्याची तजवीज होती. ती कागदावर उत्तम होती, पण कापूस वेचणीच्या दिवसांत मच्छरदाणी बुडविण्यासाठी गाव गोळा करणे किती कठीण, हे ज्याने केले त्यालाच माहीत. आताच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या मच्छरदाणीत औषध कारखान्यातच धाग्याच्या अंगात मिसळलेले अथवा त्याच्यावर पक्के बसविलेले असते. पृष्ठभागावरचे औषध धुण्याने गेले की आतले हळूहळू वर झिरपते, आणि म्हणून ती साधारण २० धुण्यांपर्यंत व सुमारे ३ वर्षांपर्यंत कार्यक्षम राहते असे मानतात.

या औषधाचे खरे सामर्थ्य कळण्यासाठी डासाचा दिनक्रम ध्यानात घ्यावा लागतो. रोग्याचे रक्त प्यालेला डास तत्काळ धोकादायक होत नाही. जंतू त्याच्या पोटात वाढून लाळेपर्यंत पोहोचण्यास सुमारे दहा-बारा दिवस लागतात. या अवधीत मादी डासास दर दोन-तीन रात्रींनी पुन्हा रक्त हवे असते, म्हणजे दुसऱ्यास रोग देण्याची पात्रता येण्यापूर्वी तिला माणसांच्या घरी चार-पाच फेऱ्या घालाव्या लागतात. वस्तीतील बहुतेक अंथरुणांवर औषधी जाळी असेल, तर या प्रत्येक फेरीत ती जाळीला बसण्याचा आणि मरण्याचा संभव असतो. म्हणूनच वाडीतील पुष्कळ घरांनी मच्छरदाणी लावली की ज्या एखाद्या घरात ती नाही त्या घरालाही काही संरक्षण लाभते. मात्र काही प्रांतांत डासांनी या वर्गाच्या औषधांना दाद देणे कमी केले आहे. त्यावर उपाय म्हणून डासाची प्रतिकारशक्ती मोडणारे द्रव्य किंवा दुसरे औषध मिसळलेल्या मच्छरदाण्या निघाल्या असून जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दोन औषधांच्या जाळीची शिफारस केली आहे.

नवी मच्छरदाणी पिशवीतून काढल्याबरोबर अंगावर घेऊ नये. एक दिवस सावलीत पसरून ठेवावी, नाहीतर पहिल्या रात्री चेहऱ्याला चुरचुर होते, शिंका येतात आणि घरातील म्हातारी माणसे ती जी गुंडाळून माळ्यावर टाकतात ती पुढल्या शिमग्यापर्यंत खाली येत नाही. टांगताना चारही कोपरे सारख्या उंचीवर, दोऱ्या पुरेशा लांब, आणि जाळी सैल असावी; ताणलेली जाळी झोपेत कोपराला वा गुडघ्याला चिकटते आणि डास बाहेर बसून भोकातून सोंड घालतो. बाजेवर निजणाऱ्याने खालची कड गादीच्या वा वाकळीच्या खाली खोचावी. जमिनीवर चटई अंथरणाऱ्याने ती चटईखाली घ्यावी, नुसती लोंबत ठेवू नये. उन्हाळ्यात वऱ्हाड अंगणात निजते. तेथे खुंटी नसते, तेव्हा बाजेच्या चार पायांना चार बांबू बांधून जाळी टांगतात आणि ते उत्तम साधते. सकाळी मात्र ती उचलून, पिळून, वर गाठ मारून ठेवली पाहिजे. दिवसभर अंगणात उन्हात राहिलेल्या मच्छरदाणीचे औषध ऊनच खाऊन टाकते. चूल आणि दिवा यांपासून तिला दूर ठेवण्याचे कारण सांगण्याची गरज नाही.

आता भोकांकडे येतो. गेल्या कार्तिकात डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका संत्र्याच्या बागेत मी गेलो होतो. राखण करणारे कुटुंब झोपडीत राहत होते आणि दोन वर्षांची एक मच्छरदाणी वळणीवर लटकत होती. ‘भोकं त लय हायेत जी,’ घरातील बाई म्हणाली, ‘पन सकायी अंथरुनावर मेलेले डास दिसतेत.’ तिचे निरीक्षण अचूक होते: औषध असेपर्यंत फाटकी जाळीही अगदी निरुपयोगी नसते. पण किती फाटकी चालेल? याचा हिशेब जागतिक आरोग्य संघटनेने अत्यंत सुगम करून ठेवला आहे. अंगठा जाईल ते भोक पहिल्या वर्गाचे, मूठ जाईल ते दुसऱ्या, डोके जाईल ते तिसऱ्या आणि त्याहून मोठे ते चौथ्या. त्यांना अनुक्रमे १, २३, १९६ आणि ५७६ असे भार दिलेले आहेत. हे आकडे मनगढंत नव्हेत, त्या त्या वर्गाच्या मध्यम भोकाचे क्षेत्रफळ अंगठ्याच्या भोकाच्या किती पट होते, तेच ते सांगतात. बेरीज ६४ पर्यंत आली तर मच्छरदाणी चांगली. ६४२ पर्यंत नादुरुस्त परंतु वापरण्याजोगी. त्यापुढे ती बदलावी.

आम्ही ती जाळी उजेडात धरून मोजली. अंगठ्याची चार, मुठीची तीन आणि डोक्याची तीन भोके निघाली, बहुतेक खालच्या अर्ध्या भागात, जेथे ती सदैव निघतात. चार, अधिक ६९, अधिक ५८८, एकूण ६६१. म्हणजे नियमाप्रमाणे मच्छरदाणी बाद. पण या बेरजेकडे पाहिले की ध्यानात येते की ६६१ पैकी ५८८ केवळ तीन भोकांचे आहेत. त्यांपैकी दोन बुजविली तरी बेरीज २६९ वर उतरते, आणि तिन्ही बुजविली तर ७३ उरतात. मग मुठीचे एक भोक गाठ मारून बंद केले की ती ५० वर येऊन पुन्हा ‘चांगल्या’त जमा होते. लहान भोके डोळ्यांना अधिक खुपतात, म्हणून बायका प्रथम तीच शिवू लागतात. सुई मात्र आधी मोठ्याकडे गेली पाहिजे.

शिवण्यापूर्वी भोकाचे कारण ओळखावे, नाहीतर आठवड्यात शेजारी दुसरे पडते. ज्याच्या कडा कडक, वितळलेल्या आणि गोल, ते चुलीच्या ठिणगीचे. ज्याच्या कडा वेड्यावाकड्या कुरतडलेल्या, ते उंदराचे, आणि ते सहसा जाळीत गुंडाळलेल्या धान्याच्या वासाने येते. त्रिकोणी फाटलेले ते बाजेच्या खिळ्याचे वा ढलपीचे. त्या झोपडीत तिन्ही मोठी भोके खिळ्याची होती. खिळा ठोकून बसविला, त्यावर चिंधी गुंडाळली, आणि मग दुरुस्तीस बसलो. मुठीएवढे भोक चिमटीत गोळा करून मजबूत दोऱ्याने गच्च बांधले तरी चालते. डोक्याएवढ्याला तसे केले तर जाळी ओढली जाते आणि शेजारी ताण येऊन फाटते, म्हणून तेथे ठिगळ हवे. ते बाद झालेल्या दुसऱ्या औषधी मच्छरदाणीचे असले तर त्यात थोडे औषध शिल्लक असते. लुगड्याचे ठिगळ भोक बुजवते पण वारा अडवते आणि डासाला मारत नाही. ठिगळ भोकाहून चार बोटे मोठे घ्यावे आणि दाट टाके घालावेत. तुळतुळीत प्लास्टिकच्या धाग्याच्या जाळीवर टाके सरकतात, म्हणून दर चार-पाच टाक्यांनंतर गाठ मारावी. मेणबत्तीने कडा वितळवून चिकटविण्याचा मोह आवरावा. त्याने भोक मोठेच होते.

धुणे दुरुस्तीनंतर, आधी नाही, कारण ओली जाळी आपल्या भारानेच फाटत जाते. तीन महिन्यांतून एकदा धुतली तर तीन वर्षांत १२ धुणी होतात, म्हणजे ती २० च्या हिशेबात आरामशीर बसते. ज्या घरी ती दर पंधरवड्यास धुतली जाते, तेथे औषध वर्षभरातच संपते. घमेल्यात थंड पाणी, अंगाला लावण्याचा सौम्य साबण आणि हलके चोळणे, इतकेच. धुण्याची पावडर, ब्लीच आणि दगडावर आपटणे वर्ज्य. पिळू नये, निथळू द्यावी, सावलीत वाळवावी. आणि तो दगड नदीकाठचा असेल तर अजिबात नको. हे औषध माणसास अल्प बाधक पण माशांस व पाण्यातील किड्यांस जहाल आहे, शहानूरच्या पात्रात एक घमेले ओतल्याने त्या जागच्या माशांचे काय होईल हे सांगायला नको. धुण्याचे पाणी विहिरीपासून आणि गुरांच्या हौदापासून दूर जमिनीत जिरवावे. जुन्या मच्छरदाण्यांनी मासे धरणाऱ्यांनाही हीच सूचना.

लाभ सर्वाधिक कोणास, हा प्रश्न राहिला. पुस्तकात उत्तर ठरलेले आहे: पाच वर्षांखालील मूल आणि गर्भवती स्त्री. गर्भवतीच्या वारेत हिवतापाचे जंतू दडून बसतात, तिला रक्तक्षय होतो आणि मूल कमी वजनाचे जन्मते. परंतु ज्या मुलखात हिवताप बारमाही नसतो तेथे मोठ्या माणसांच्या अंगीही प्रतिकार फारसा मुरलेला नसतो, म्हणून प्रौढही तितकेच आजारी पडतात. अंजनगावच्या परिसरात अशी माणसे दोन: बागेत व शेतात रात्री जागल करणारा पुरुष, आणि मेळघाटातून हंगामासाठी उतरलेले कोरकू मजुरांचे कुटुंब, जे उघड्यावर वा पालाच्या आडोशाला निजते आणि परतताना रोग दोन्हीकडे नेते-आणते. त्या बागेच्या झोपडीत बाई सात महिन्यांची गरोदर होती, तीन वर्षांचे पोर होते आणि नवरा रात्री मचाणावर असे. मच्छरदाणी एकच. ती बाई व पोर यांना द्यावी असे मी सांगितले, आणि नवऱ्याने ते मानलेही. पण रात्री पोर जाळीखालून बाहेर सरकते, म्हणून बाईने खोचलेल्या कडेवर दोन्ही बाजूंनी विटा ठेवल्या होत्या. नवऱ्यासाठी दुसरी जाळी आरोग्य उपकेंद्रातून आणवली, तेव्हा मचाणाचे चार खांब तिला आयतेच मिळाले.