३१ जुलै २०२४ चुकली तर दंड पाच हजार, पण खरा फटका त्याहून मोठा होता

बेळगाव : ‘आयकर रिटर्न भरण्याची अंतिम तारीख ३१ जुलै २०२४’, असे मेसेज २०२४ मध्ये सीए मंडळींकडून सगळ्यांच्या मोबाईलवर येत होते. अनेकजण म्हणायचे, उशीर झाला तर दंड भरू, ३१ डिसेंबरपर्यंत मुदत आहेच. ते खरं होतं. उत्पन्न ५ लाखांवर असेल तर दंड ५ हजार, त्याखाली करपात्र उत्पन्न असेल तर १ हजार. पण त्या वर्षी प्रश्न फक्त दंडाचा नव्हता.

२०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी करप्रणाली आपोआप लागू झाली आहे. जुनी हवी असेल तर ती मागावी लागते आणि २०२४ मध्ये तीही ३१ जुलैपर्यंतच मागता येत होती. १ ऑगस्टला रिटर्न भरलं तर जुन्या प्रणालीचा पर्याय मिळत नव्हता.

याचा अर्थ २०२३-२४ च्या आकड्यांत पाहू. एका नोकरदाराचा त्या वर्षाचा पगार ९ लाख होता. पीएफ, एलआयसी मिळून दीड लाखाची बचत आणि राहत्या घराच्या कर्जावर २ लाख व्याज भरलं होतं. जुन्या प्रणालीत ५० हजारांची प्रमाणित वजावट धरून करपात्र उत्पन्न बरोबर ५ लाख होतं आणि सवलतीमुळे कर शून्य. नव्या प्रणालीत बचत आणि हे व्याज धरत नाहीत. उत्पन्न साडेआठ लाख आणि कर, सेससह, ४१,६०० रुपये होत होता. पगारातून टीडीएस कापला नसेल तर ही सगळी रक्कम खिशातून जाणार होती. वर ५ हजार दंड आणि व्याज वेगळं.

नोकरदाराला वेगळा फॉर्म लागत नाही. रिटर्नमध्येच नवी प्रणाली सोडायची का, असा प्रश्न येतो. तिथे आधीच No असतं, ते Yes करायचं. ज्यांच्या वजावटी फारशा नाहीत, त्यांना नवी प्रणालीच बरी पडू शकते. दोन्ही हिशेब करून बघा.

दुकानदार आणि छोट्या व्यापाऱ्यांना मात्र २०२४ मध्ये जुन्या प्रणालीसाठी आधी पोर्टलवर 10-IEA हा फॉर्म भरावा लागत होता, तोही ३१ जुलैच्या आत. त्याचा पोचक्रमांक रिटर्नमध्ये टाकावा लागत होता. व्यापारी एकदा जुनीतून नव्यात परतला की धंदा सुरू असेतोवर पुन्हा जुनीत जाता येत नाही. त्यामुळे निर्णय विचार करूनच घ्यावा.

रिटर्न अपलोड केलं म्हणजे काम संपलं, असंही नाही. आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी घेऊन ३० दिवसांत ई-व्हेरिफिकेशन करावं लागतं. ते त्यानंतर केलं तर रिटर्न त्या दिवशी भरल्याचं धरलं जातं, म्हणजे ३१ जुलैला भरलेलंही उशिराचं ठरतं. आधारला जुना नंबर असेल तर तो आजच बदलून घ्या.

आयकर केंद्राचा असल्याने बेळगाव, गोवा, इंदूर, सगळीकडे नियम हेच आहेत.